परीक्षेच्या दिवसांतला शेवटचा कप किती वाजता? (अनुभव धागा)

अभ्यासिका_टिळकवाडी

बेळगावात मी एक लहानशी अभ्यासिका चालवते. खानापूर, हुक्केरी, चिक्कोडीकडून आलेली पीयूसी, सीईटी, नीट आणि इंजिनिअरिंगची मुलं-मुली तिथे बसतात. फेब्रुवारी सरत आला की टेबलांवर थर्मास दिसायला लागतात आणि त्यात आता चहापेक्षा कॉफी जास्त असते.

आपल्या बहुतेक घरांत चहाच. कॉफी प्यायची ती उडप्याच्या हॉटेलात, इडली खाल्ल्यावर. त्यामुळे चहा कधी द्यायचा, कधी नाही, हे घरातल्या मोठ्यांना ठाऊक असतं, पण कॉफीचं तसं नाही. मुलं ती पहिल्यांदा नियमानं पितात ती सोळाव्या-सतराव्या वर्षी, घरापासून लांब, खोलीवर, पुडी फोडून. किती घ्यायची आणि कधी थांबायचं हे सांगणारं शेजारी कुणी नसतं. माझ्याकडची जी मुलं रात्री दहाला कप भरून बसतात ती एक वाजेपर्यंत जागी असतात हे खरं, पण बारानंतर त्यांचं पान पुढे सरकत नाही. सकाळी सातला त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नाही.

म्हणून हा धागा. कॉफी चांगली की वाईट हा वाद इथं नको. तुम्ही किंवा तुमच्या मुलांनी परीक्षेच्या दिवसांत कॉफी किती वाजता घेतली, केवढा कप, त्या रात्री झोप कशी लागली आणि पेपरला बसल्यावर काय झालं, एवढं सविस्तर लिहा. जागरण आणि धडधड या दोन गोष्टींवर मला विशेष वाचायचं आहे.

खानापूर_रोड_हॉस्टेल

इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष. आमचे पेपर सकाळी साडेनऊला नाहीतर दुपारी दोनला असतात. हॉस्टेलवर किटली आहे. रात्री जेवण झाल्यावर नऊला एक कप आणि बाराला एक कप, हा आमच्या खोलीचा नियमच आहे. मी बाराचा कप घेऊन एकला आडवा होतो आणि पाच मिनिटांत झोपतो. त्यामुळे कॉफीनं झोप जाते हे सगळ्यांना लागू नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मात्र पाळतो. परीक्षेत फिल्टर कॉफी घेत नाही. ती डिकॉक्शन काळीकुट्ट आणि कडू असते, म्हणजे फार कडक. इन्स्टंट हलकी, म्हणून इन्स्टंटच. पेपरचं म्हणाल तर गणितं सुटतात, थिअरीला मात्र वाचलेलं ऐनवेळी आठवत नाही. ते अभ्यास कमी पडल्यामुळे असणार.

उद्यमबाग_रात्रपाळी

मी फौंड्रीत काम करतो. विषय रात्री जागायचा हाय म्हणून लिहितोय. आमच्यात नवी पोरं पाळी संपत आली, पहाटे चारला डोळे मिटायला लागले, की कॉफी मारतात. मग सकाळी सातला घरी जाऊन पडतात आणि झोपच येत नाही. दिवसभर कूस बदलत राहायचं आणि रात्री परत भट्टीसमोर. जुनी माणसं पाळीच्या सुरुवातीला, दहा-साडेदहाला घेतात. मधी एखादा अर्धा कप, दोनच्या आत. त्याच्यापुढं फक्त पाणी आणि तोंड धुणं. झोप यायच्या वेळेला कॉफी घ्यायची नाही, काम सुरू करायच्या वेळेला घ्यायची, असं आमचे मिस्त्री सांगायचे. विद्यार्थ्यांचं मला काय माहीत नाही. माझी पोरगी आता सीईटीला बसणार हाय, तिला दाखवतो हा धागा.

औषधवाली

उद्यमबागच्या काकांनी लिहिलंय ते विद्यार्थ्यांनाही तसंच्या तसं लागू आहे. मी फार्मसीच्या मुलांना औषधशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं मोठं लिहिते. माझ्या भाच्याचं उदाहरण घेते, त्याचा आकडा न् आकडा मी स्वतः मांडला होता.

तो खानापूर तालुक्यातला, पीयूसी दुसऱ्या वर्षाला विज्ञानाला, बेळगावात खोली करून राहिलेला. फेब्रुवारीत त्याचा दिवस असा होता. दुपारी चारला कॉफी, रात्री आठला कॉफी, अकराला कॉफी. प्रत्येक मगमध्ये इन्स्टंट पावडर दोन चमचे. सपाट चमच्याला साधारण पन्नास-साठ मिलिग्रॅम कॅफीन येतं, म्हणून हिशेबाला मगमागे 100 धरू. रात्री एकला तो झोपायचा.

कॅफीन अंगातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. माणसागणिक हे कमी-जास्त असतं, पण पाच धरून बघा. रात्री एकला चारच्या कपातलं 30 च्या जवळपास उरलेलं, आठच्या कपातलं 50, अकराच्या कपातलं 75. बेरीज दीडशेच्या वर. म्हणजे पोरगा दिवा मालवून आडवा होतो तेव्हा त्याच्या अंगात दीड मग कॉफी तशीच असते. झोप यायची, कारण दिवसभराचा थकवा प्रचंड, पण ती पातळ यायची. सकाळी सहाला गजर वाजला की डोकं जड, म्हणून आणखी कॉफी. त्याची आई म्हणत होती की पोरगं रात्रभर वाचतं, तरी सराव परीक्षेत मार्क घसरतात.

खानापूर रोडच्या दादांना सांगायचंय ते हेच. पाच मिनिटांत झोप लागणं म्हणजे झोप चांगली होणं नव्हे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना झोपायच्या सहा तास आधी 400 मिलिग्रॅम कॅफीन दिलं होतं. मात्रा मोठी होती, मान्य. यंत्रानं मोजलं तेव्हा झोप तासाभराहून जास्त घटलेली निघाली, पण त्या लोकांना स्वतःला ती तेवढी कमी झाल्याचं जाणवलं नव्हतं. दिवसा वाचलेलं पक्कं बसतं ते बरंचसं झोपेत. तुमची थिअरी आठवत नाही त्याचं एक कारण बाराचा कप असू शकेल. असेलच असं मी म्हणत नाही.

आणि कडूपणाचं. आपल्याकडच्या फिल्टर पावडरीत बहुधा चिकोरी असते. काळा रंग आणि कडवट दाटपणा यातला बराच भाग तिचा, आणि तिच्यात कॅफीन अजिबात नसतं. पुडीवर चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते वाचा. निम्मी चिकोरी असलेल्या पुडीचा छोटा पेला तुमच्या दोन चमचे इन्स्टंटपेक्षा हलका पडू शकतो. उलट शुद्ध कॉफीची पहिली, दाट डिकॉक्शन भारी पडते. जिभेवरून अंदाज बांधू नका, चमचा मोजा.

खानापूर_रोड_हॉस्टेल

मॅडम, चिकोरीचं पटलं. पुडी बघितली, 40 टक्के लिहिलंय. झोपेचं मात्र अजून पटत नाही. माझे आजोबा रात्री दहाला चहा पिऊन झोपायचे, नव्वदी गाठली. काही माणसांना लागतच नसेल ना?

औषधवाली

काहींच्या यकृतात कॅफीन खरोखरच लवकर मोडतं, तुम्ही त्यातले असालही. पण एकदा करून बघा. पेपर नसलेल्या आठवड्यात चार रात्री बाराचा कप बंद आणि सकाळी गजराशिवाय जाग कधी येते ते लिहून ठेवा. मी सांगण्यापेक्षा ते खरं. आणि चहाचा कप साधारण 30 ते 50 मध्ये असतो, आजोबांचा कप तुमच्या मगाच्या निम्मासुद्धा नव्हता.

निपाणीकर_गुरुजी

मी मराठी माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालो. दहावीच्या मुलांना मी नेहमी एकच सांगत आलो. परीक्षेला आठवडा राहिला की चहा-कॉफी एकदम बंद, पूर्ण बंद. पहाटे चारला उठा, थंड पाण्यानं तोंड धुवा, वाचायला बसा. ज्यांनी ऐकलं त्यांचं भलं झालं. कॉफीनं उत्तेजना येते, मग भीती वाढते, मग मुलं लिहिता लिहिता थरथरतात. हे मी पर्यवेक्षक म्हणून वर्गात पाहिलेलं आहे.

उचगावची_पोर

गुरुजी, रागावू नका, खरं एकदम बंद केलं की काय होतंय ते माझ्या मैत्रिणीचं सांगतो. ती रोज तीन कप प्यायची. पीयूसीच्या पहिल्या पेपरच्या आदल्या सकाळी घरच्यांनी सगळंच बंद केलं. संध्याकाळपासून डोकं ठणकायला लागलं. पेपरच्या दिवशी सकाळी तर कपाळ धरून बसली होती. मला वाटलं भीतीनं होतंय. तिच्या आईला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. सेंटरवर जाताना रिक्षात तिनं डोळे मिटूनच ठेवले होते.

औषधवाली

गुरुजींचं निम्मं बरोबर आहे. थरथर होते, आणि दहावीच्या मुलांना कॉफीची गरजही नाही. पण जो रोज पितो त्यानं झटक्यात सोडली तर बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं, एक-दोन दिवसांत ते सगळ्यात जास्त असतं आणि आठवडाभरही रेंगाळू शकतं. त्या मैत्रिणीचं नेमकं तेच झालेलं दिसतंय. गुरुजी आठवडा आधी सांगत होते, त्यामुळे त्यांच्या मुलांचं डोकं बहुधा पेपरच्या आतच उतरत असणार. आदल्या दिवशी बंद करणं मात्र सगळ्यात वाईट.

भाच्याचं आम्ही कसं केलं ते लिहिते. पहिल्या पेपरला दोन-अडीच आठवडे होते. आधी फक्त रात्री अकराचा कप काढला, बाकी तसेच ठेवले. तीन-चार दिवस तो दहालाच पेंगायला लागला आणि चिडला, कारण रात्रीचे दोन तास गेले. ते तास आम्ही पहाटेकडे ढकलले. मग आठचा कप दोन चमच्यांवरून एकावर आणला, मग तोही काढला. चारचा कप दोन वाजता आणला आणि त्यात एकच चमचा. सकाळचा एक मग साडेसहाला, उठल्यावर तासाभरानं. रात्री साडेदहाला झोपताना त्याच्या अंगात आता 30 च्या आसपास उरत होतं, आधीच्या दीडशेच्या जागी. डोकेदुखी झाली नाही, कारण रोजचा एकूण आकडा हळूहळू उतरला.

तरी सकाळचे दोन आणि दुपारचा एक चमचा मिळून दीडशेच्या वर जातं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2015 साली मुलांसाठी आणि किशोरांसाठी दिवसाला वजनाच्या किलोमागे तीन मिलिग्रॅमपर्यंतचं प्रमाण चिंतेचं नाही असं म्हटलं होतं. पोरगा 55 किलोचा, म्हणजे 165. त्याच्या आत राहायचं एवढं आम्ही पाळलं. एनर्जी ड्रिंकच्या छोट्या डब्यात 75 च्या आसपास असतं, तेही यातच मोजायचं. त्या डब्यावर लहान मुलांसाठी नाही असं छापलेलंही असतं.

पेपर दहाला. त्या दिवशी साडेसहाचा मग नाही, तोच साडेआठला, उप्पीट खाऊन झाल्यावर. पोटात गेल्यावर पाऊण-एक तासात त्याचा जोर भरतो आणि पुढचे तीन तास पुरतो. साडेनऊला बाथरूमला जाऊन मगच आत. सेंटरच्या दारात मित्रानं दिलेला दुसरा कप घ्यायचा नाही, हे त्याला शपथ घालून सांगितलं होतं. हा सगळा क्रम आधी दोन सराव परीक्षांना तसाच करून बघितला होता. पेपरच्या दिवशी पहिल्यांदा काही करायचं नाही.

नीटची_आई_शहापूर

आमची अडचण धडधडीची आहे. मुलगी नीटला बसतेय. पेपर दुपारी दोनला, आणि गेट त्याच्या अर्धा तास आधी बंद होतं. सराव परीक्षेच्या आधी ती घरून एक मोठा कप घेऊन जायची. पहिली वीस मिनिटं बरी जायची, मग फिजिक्सला हात गार पडायचे, छाती उडायची, ओएमआरवर गोळा काळा करताना पेन घसरायचं. ती म्हणायची, आई, मला काहीच येत नाही असं वाटायला लागतं. घरी तोच पेपर सोडवला की येतो.

औषधवाली

ताई, कॉफीची धडधड आणि भीतीची धडधड बाहेरून सारखीच दिसते. आणि मनही फसतं. छाती कॉफीमुळे उडते, पण मुलगी समजते आपण घाबरलोय, आणि मग खरोखरच घाबरते. वेगळं ओळखायला एक साधी रीत आहे. रविवारी, काहीही परीक्षा नसताना, तोच कप त्याच वेळी घेऊ द्या आणि तिला आवडीचं काहीतरी करत बसू द्या. अर्ध्या-पाऊण तासानं बोटं थरथरली, छाती उडाली, तर ती कॉफी. भीतीचं सहसा गेटपाशी किंवा पेपर हातात पडताना सुरू होतं आणि चार-पाच प्रश्न सुटले की उतरतं. मग एक सराव परीक्षा बिनकॉफीची देऊन बघा. पण ती रोज पीत असेल तर त्या दिवशी चहा तरी द्या, नाहीतर डोकेदुखीची भर पडेल.

एक विचारते, इथं उत्तर दिलं नाही तरी चालेल. पीसीओडीसाठी तिला हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का? गर्भनिरोधकाच्या जातीच्या, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालू असताना कॅफीन अंगात जवळजवळ दुप्पट वेळ टिकतं. अशा मुलीला दुपारचा कप रात्री झोपताना निम्म्याहून जास्त शिल्लक असू शकतो. गोळी बंद करायची नाही, कप कमी करायचा.

अभ्यासिका_टिळकवाडी

हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे दोघी-तिघी तरी अशा गोळ्या घेणाऱ्या आहेत. त्यांच्याशी एकेकीला बाजूला घेऊन बोलते.

नीटची_आई_शहापूर

करून बघितलं, म्हणून परत आले. रविवारी कप दिला, ती चित्रं काढत बसली. धडधड झाली, पण थोडी. नाडी मोजली तर नेहमीपेक्षा वाढलेली होती, हात मात्र गार पडले नाहीत. पुढची सराव परीक्षा अर्धा कप चहावर दिली. पेन घसरलं नाही. पण फिजिक्सचं पान उघडल्यावर छाती उडालीच, आणि या वेळी ती लवकर उतरली. म्हणजे थोडं कॉफीचं, थोडं तिचं स्वतःचं. कुठलं किती हे अजून कळत नाही. गोळ्यांबद्दल विचारलंत त्याबद्दल आभार, डॉक्टरांना विचारते. आता दुपारच्या पेपराला चहाच द्यायचा असं ठरवलंय.

औषधवाली

चांगलं केलंत. चहावरही कधी श्वास कोंडला, हातापायांना मुंग्या आल्या, किंवा परीक्षा नसतानाही रात्री दचकून उठायला लागली, तर कॉफीचा हिशेब सोडून तिला डॉक्टरांकडे न्या. तो विषय वेगळा आहे आणि त्याला उपाय आहे.

खानापूर_रोड_हॉस्टेल

इथं कुणी कॉफी पिऊन लगेच झोपतं का? आमच्या बाजूच्या खोलीतला एक जण दुपारी दीडला कप घटाघट पितो, वीस मिनिटांचा गजर लावतो आणि उठून बसतो. त्याला अगदी ताजं वाटतं म्हणे. मी केलं तर मला झोपच लागली नाही, नुसता छताकडे बघत पडलो.

औषधवाली

रीत खरी आहे. कॅफीन चढायला वेळ लागतो, तेवढ्यात छोटी डुलकी होते आणि उठताना दोन्ही हाताशी येतात. पूर्ण झोप लागायलाच हवी असं नाही, डोळे मिटून पडलं तरी काही जणांना फरक पडतो. वीस मिनिटांच्या पुढे गेलं तर मात्र उठताना डोकं जड होतं. दुपारी जमत असेल तर ठीक, रात्री नको. ज्याला जमत नाही त्यानं मागे लागू नये.

उचगावची_पोर

माझा एक प्रश्न राहिला. सीईटीला पहिल्या दिवशी सकाळी साडेदहाला एक पेपर, दुपारी अडीचला दुसरा, आणि दुसऱ्या दिवशी परत साडेदहाला. सकाळी नऊला घेतो म्हणा. दुपारी जेवल्यावर झोप येते ती कशी मोडायची? दीडला परत कॉफी घेतली तर रात्रीची झोप जाणार, आणि दुसऱ्या दिवशीचे पेपर तसेच.

उद्यमबाग_रात्रपाळी

माझ्या पोरीचं पण हेच हाय. सांगा मॅडम.

औषधवाली

इथं दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात. दुपारचं जेवण हलकं ठेवा, भात कमी, पोळी-भाजी किंवा दहीभात थोडा. जेवून सावलीत दहा मिनिटं चाला, मग डोळे मिटून बसा. दीडला लहान कप चहा. तो 30-40 चा धरला तर रात्री साडेदहाला त्यातलं दहा-बारा उरतं, झोपेला ते जड नाही. कॉफीचीच सवय असेल तर अर्धा चमचा, त्याहून जास्त नाही. रात्री साडेदहाला झोप आली नाही तरी उठून वाचायला बसू नका, पडून राहा.

दुपारी थोडी मरगळ राहील, ती पूर्ण जाणार नाही. ऐंशी मिनिटांचा पेपर आहे, तेवढी चालून जाते.

उचगावची_पोर

बरं, दीडला चहाच. डबा आईला सांगतो, भात नको म्हणून. खरं आमच्या सेंटरजवळ चहावाला लांब आहे, थर्मासमधून सकाळीच नेलेला चालतोय काय?

औषधवाली

चालतो. कडवट होईल, बाकी काही नाही. पूर्ण थर्मास मात्र भरू नकोस, एका कपापुरताच भर.